सहाव्या बटणावरची भाषा

धुलाईवाल्याला कामावर कशाचीच किळस येत नसे. इस्पितळाच्या चादरी त्याच्या मशीनमध्ये यायच्या. रक्त, पू, उलटी, कधी त्याहून वाईट. तो हातमोजे चढवायचा, चादर झटकायचा, मशीनच्या तोंडात कोंबायचा आणि पॅनेलवर चार आकडे दाबायचा. आजारी माणसाची घाण ही घाण नव्हे, असं तो म्हणायचा. माणूस मुद्दाम थोडाच करतो!

पण कोपऱ्यावरच्या एटीएमच्या खोलीत पाऊल टाकलं की त्याचा हात आपोआप नाकाला जायचा.

ती खोली होती एका पलंगाएवढी. काचेच्या दारावर बोटांचे ठसे, कोपऱ्यात लघवीचा वास, जमिनीवर पावत्यांचा चिखल. कोणीतरी गोड सरबत सांडलेलं असायचं आणि त्यात चपला चिकटायच्या. भिंतीला नाक शिंकरलेलं. सिगारेटची थोटकं एटीएमच्या वरच्या कडेवर ओळीने ठेवलेली, जणू पुढच्या माणसासाठी. धडधाकट, पगारदार माणसं येऊन हे करून जात होती. ही घाण मुद्दाम केलेली होती. तिची त्याला शिसारी यायची.

म्हणून बायको होती तोवर पैसे काढायला तीच आत जायची. तो बाहेर फुटपाथवर नाकाला रुमाल लावून उभा राहायचा.

"या की आत," ती म्हणायची. "वासाने काय माणूस मरतो?"

"तू आटप."

ती हसायची आणि दोघांची कार्डं घेऊन आत शिरायची. ती त्याच लॉन्ड्रीत रोलरवर चादरी इस्त्री करायची. शाळा तिने पाहिली नव्हती. एकही अक्षर ओळखत नव्हती, पण आकडे पक्के होते. परक्या गावातलं एटीएम, परक्या भाषेतला पडदा, पण ती कोणाला विचारत बसली नाही. एकदा बँकेच्या शिपायाने तिला बटणं दाखवली, ती तिने पाठ केली. रात्री भाजी चिरताना ती पुटपुटायची. उजवीकडचं वरचं. मग नंबर. मग हिरवं. मग डावीकडचं दुसरं. पावती विचारली की उजवीकडचं वरचं, पावती सोडायची नाही. पावतीवरचा तिसरा आकडा काढलेला, शेवटचा आकडा उरलेला. त्या पावत्या ती बिस्किटाच्या डब्यात घालून ठेवायची.

लॉन्ड्रीतल्या अकरा जणांचे पैसे तीच काढून द्यायची. पगार ज्याच्या त्याच्या खात्यात जमा व्हायचा, पण खात्यातून हातात आणणार कोण? त्या भाषेतलं एक अक्षर कोणाला वाचता येत नव्हतं. तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एटीएमपुढे ती आणि मागे अकरा जणांची रांग.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. ताप डोक्यात गेला आणि चार दिवसांत संपलं. ज्या इस्पितळाच्या चादरी ते दोघं धूत होते, त्याच इस्पितळात. पाचव्या दिवशी तो कामावर आला तेव्हा त्या मजल्याची गाठोडी आली होती. त्यातली तिची चादर कोणती, हे त्याने शोधलं नाही. सगळ्याच नीट धुतल्या.

तिच्यानंतर कार्डं साडूच्या हातात गेली.

साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लॉन्ड्रीची गाडी चालवायचा. रोज स्वच्छ शर्ट, मानेला अत्तर, तोंडात कायम पुदिन्याचं हिरवं च्युइंगम. बोलायला गोड. या गावात पंधरा वर्षं काढलेली, तिथली भाषा फाडफाड बोलायचा.

"दादा, तुम्ही चिंता सोडा," तो म्हणाला होता. "ताईंचं काम आता माझं. तुम्ही बाहेर थांबा, तुम्हाला वास सोसत नाही."

धुलाईवाल्याला ते बरंच वाटलं. त्या दिवसांत त्याला कशातच लक्ष घालायचं नव्हतं. तो कार्ड देई, नंबर साडूला सांगून ठेवलेलाच होता, आणि साडू आतून नोटा घेऊन येई. दोन हजार सांगितले की एकोणीसशे पन्नास.

"पन्नास कुठे गेले रे?"

"परभाषेचे," साडू च्युइंगम एका गालातून दुसऱ्या गालात नेत म्हणाला. "इथल्या माणसाचं कार्ड असेल तर फुकट. आपण पडलो परके. आपली भाषा त्याला येत नाही, मग त्याला आपलं खातं आतून उलटं करून वाचावं लागतं. त्याचा आकार पडतो."

"ती काढायची तेव्हा नव्हता पडत."

"नवा नियम आहे, दादा. याच महिन्यापासून."

"आणि पावती?"

"पावतीचे वेगळे पाच. कशाला उगाच?"

हे कोणालाही पटण्यासारखं नव्हतं. पण अकरा जणांना पटलं. परक्या गावात माणूस इतक्या गोष्टींचे पैसे भरतो की त्यात एक भाषेचाही आकार खपून जातो. फक्त चादरी निवडणारी मावशी एकदा म्हणाली, "बोलायचे पैसे पडतात हे ऐकलं होतं, गप्प उभं राहायचेही पडतात होय!" आणि तिनेही मुकाट पन्नास सोडले.

त्या शनिवारी मात्र प्रकरण वेगळं होतं.

धुलाईवाल्याची लेक गावी त्याच्या बहिणीकडे असायची. दहा वर्षांची. आई गेल्यापासून तिने बापाचं तोंड पाहिलं नव्हतं. फोनवर ती आधी रडायची, मग चिडायची, आणि अलीकडे नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"ची त्याला भीती वाटायला लागली होती. गेल्या आठवड्यात बहीण म्हणाली, "अरे, ती तुझा फोन आला की संडासात जाऊन बसते. सुट्टीत ये, नाहीतर पोर हातची जाईल." त्याने मालकाकडून दहा दिवस मागून घेतले. तिकीटवाल्याने एक जागा धरून ठेवली, अठराशेची. शनिवारी दुपारी बारापर्यंत रोख आणून द्यायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. त्यानंतरची जागा थेट लेकीची शाळा सुरू झाल्यावरची होती.

सकाळी नऊ वाजता त्याने साडूला फोन लावला.

"आज कुठे जमतं, दादा! गाडी घेऊन दोन इस्पितळं करायची आहेत. उद्या काढू."

"बारापर्यंत लागतात. तिकिटाचे."

"तिकीटवाल्याला सांगा उद्या देतो म्हणून. तो काय पळून जातोय?"

"जागा जाईल."

"मग पुढच्या महिन्यात जा. पोर काय म्हातारी होतेय?" पलीकडे च्युइंगमचा फुगा फुटल्याचा आवाज झाला. "आणि हे बघा, स्वतः जाऊन खटपट करू नका. तीनदा चुकलं की कार्ड बंद होतं. मग बँकेत खेटे घाला. तिथे आपल्या भाषेत कोण बोलणार?"

धुलाईवाल्याने फोन ठेवला. कार्ड खिशात घातलं, रुमाल घेतला आणि निघाला.

खोली रिकामी होती, पण रिकामी असली की तिचा वास जास्तच येत असे. आज कोणीतरी कोपऱ्यात अर्धवट खाल्लेलं काहीतरी टाकलं होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. त्याने रुमाल नाकाला लावला. मग लक्षात आलं, रुमालाला एक हात, आकडे झाकायला एक हात, मग दाबायचं कशाने? त्याने रुमाल खिशात कोंबला आणि तोंडाने श्वास घ्यायला लागला. वासाची आता चव लागत होती.

कार्ड घातलं. पडदा उजळला. तिने पाठ केलेलं त्यालाही पाठ झालं होतं. उजवीकडचं वरचं. त्याने ते दाबलं, आणि पडद्यावर परक्या भाषेची अक्षरं आली, मेलेल्या किड्यांसारखी. मग नंबर.

नंबर बायकोनेच ठरवला होता. नऊ एक, चार सात. म्हणजे ९१४७. इस्पितळाच्या चादरींचा नंबर. पहिले दोन आकडे गिऱ्हाइकाचे, पुढचे दोन कडक गरम पाण्याच्या धुण्याचे. "दिवसातून वीस वेळा दाबता, हा तरी विसरणार नाही," असं ती म्हणाली होती. खरंच होतं. त्याच्या बोटांना तो झोपेतही आला असता. त्याने डाव्या हाताची ओंजळ आकड्यांवर उपडी धरली, कोणी पाहू नये म्हणून, आणि उजव्या हाताच्या बोटांनी न बघता नेहमीसारखं दाबलं. वरचा उजवा, खालचा डावा, मधला डावा, वरचा डावा. हिरवं.

बटणं चिकट होती. प्रत्येक वेळी बोट सुटताना चट् असा आवाज यायचा.

एटीएम ओरडलं. पडद्यावर एक लांबलचक वाक्य आलं आणि खाली दोन चौकटी. काय म्हणत होतं कोणास ठाऊक. थोड्या वेळाने वाक्य बदललं, ते नवंही त्याला वाचता येईना, आणि आकडे उलटे सरकायला लागले, तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. त्याचा जीव घाबरा झाला. त्याने लाल बटण दाबलं. कार्ड बाहेर आलं. ते त्याने झडप घालून घेतलं.

मागे दार उघडलं. एक सुटाबुटातला माणूस आत डोकावला, तिथल्या भाषेत काहीतरी बोलला आणि जिभेने टकटक केलं. मग त्याने घशातून खाकरून काढलं आणि दारातच थुंकला. आतल्या बाजूला.

धुलाईवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. त्या माणसाने मनगटावरचं घड्याळ दाखवलं.

"थांब," धुलाईवाला मराठीत म्हणाला. "इतकी घाई आहे तर बाहेर थुंकायलाही वेळ मिळाला असता."

त्याला ते कळलं नाही, पण आवाज कळला. तो बाहेर जाऊन उभा राहिला.

धुलाईवाल्याने पुन्हा कार्ड घातलं. आता काय करावं हे त्याला सुचत नव्हतं, म्हणून त्याने काहीच दाबलं नाही. नुसता उभा राहिला आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या पडद्याकडे नीट पाहिलं.

पडद्यावर सहा चौकटी होत्या. तीन उजवीकडे, तीन डावीकडे, आणि प्रत्येक चौकटीला बाजूला एक बटण. प्रत्येकीत वेगळी भाषा. उजवीकडचं वरचं ते तिथल्या लोकांचं. त्याखाली इंग्रजी. मग कुठलीतरी वेगळीच वळणदार अक्षरं. डावीकडे आणखी दोन, न ओळखता येणारी. आणि डावीकडे सगळ्यात खाली, सहाव्या चौकटीत, आपली अक्षरं.

मराठी नव्हती. हिंदी होती. पण अक्षरं तीच, ज्यांच्यासाठी गुरुजींनी सातवीपर्यंत त्याच्या बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या.

त्याने दोनदा वाचलं. मग बोट पुढे केलं आणि थबकला. सहाव्या बटणावर च्युइंगम थापलेलं होतं. वाळलेलं, हिरवट, अंगठ्याने दाबून बसवलेलं. अंगठ्याची रेषसुद्धा त्यात उमटली होती. बाकी पाचांवर नुसता मळ होता. च्युइंगम याच एकावर.

इस्पितळाच्या चादरींना हात लावणारा तो माणूस, पण त्या हिरव्या गोळ्याला हात लावताना त्याने आधी मान वळवली. त्याने नखाने खरवडलं. ते दोरीसारखं ओढलं गेलं, नखात गेलं. आत अजून ओलसर होतं. पुदिन्याचा वास आला. त्याने ते भिंतीला पुसलं आणि बटण दाबलं.

पडदा बदलला. "अपना पिन डालें."

वाचता आलं! साधे तीन शब्द, पण त्याने ते ओठ हलवत मोठ्याने म्हटले. त्याने ओंजळ उपडी धरली, न बघता दाबलं. वरचा उजवा, खालचा डावा, मधला डावा, वरचा डावा. हिरवं.

एटीएम पुन्हा ओरडलं. पण आता त्याला कळलं ते का ओरडत होतं. पिन चुकीचा आहे, असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत, आता एकच प्रयत्न शिल्लक.

म्हणजे मघाचंही चुकलं होतं. साडूने नंबर बदलला की काय? पण गेल्या महिन्यात साडूने आतून मोठ्याने विचारलं होतं, "दादा, चादरीचाच ना?" आणि पैसे आले होते. नंबर तोच होता. मग?

पडद्यावर विचारणा आली, और समय चाहिए? त्याने "हाँ"च्या बाजूचं बटण दाबलं. वेळ तर वेळ. मागितल्यावर मिळत होता, त्याचेही पन्नास पडत नव्हते.

त्याने डावा हात काढला आणि आकड्यांकडे पाहिलं. वरची ओळ, एक दोन तीन. त्याखाली चार पाच सहा. खाली सात आठ नऊ.

तो तसाच पाहत राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला. लॉन्ड्रीतल्या धुण्याच्या पॅनेलवर आकडे उलटे होते. हिशेबाच्या कॅल्क्युलेटरसारखे. सात आठ नऊ वर आणि एक दोन तीन खाली. इतक्या दिवसांत त्याने नंबर कधी वाचून दाबलाच नव्हता, बोटांनी जागा ओळखून दाबला होता. इथे त्याच जागांवर भलतेच आकडे होते. तीन, सात, चार, एक. चारांतला एकच आकडा बरोबर येत होता.

"ही तुझी चादर नव्हे, मूर्खा," तो स्वतःला म्हणाला.

त्याने एका बोटाने, पहिलीतल्या पोरासारखं, आकडा वाचून दाबला. नऊ. एक. चार. सात. हिरवं.

पडद्यावर मोठी यादी आली. पैसे काढणे, शिल्लक पाहणे, पिन बदलणे. त्याने पैसे काढणे दाबलं. कोणतं खातं? बचत. किती? शंभर, दोनशे, पाचशे, हजार, आणि खाली दुसरी रक्कम. त्याने दुसरी रक्कम घेतली आणि अठराशे लिहिले. एटीएमने ते परत दाखवलं, बरोबर आहे का असं विचारलं.

आणि त्याखाली एक ओळ होती. ती वाचून तो पुढचं बटण दाबायचं विसरला.

"शुल्क: शून्य."

शून्य हा शब्द त्याने पुन्हा वाचला. बाजूला गोल आकडाही होता. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही कळला असता. बायकोला कळायचाच. ती अकरा जणांना पावती हातात देऊन म्हणायची, "आकडा बघ, मग पुढे हो."

रसीद चाहिए? छपी हुई, पर्दे पर, नहीं चाहिए. तीन चौकटी होत्या. नको म्हणण्याचीही एक वेगळी जागा होती, आणि आठ महिने साडूचं बोट तिथेच पडत होतं. धुलाईवाल्याने छापील पावती मागितली. पावतीचे पाच कापतो असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

आधी कार्ड बाहेर आलं. मग आत नोटा मोजल्याची खरखर झाली, फट उघडली, नोटा पुढे आल्या. एटीएम टींटीं करत होतं, उचला उचला म्हणून. त्याने उचलल्या. शेवटी पावती आली. तिसरा आकडा अठराशे. त्याखाली शून्य. शेवटचा आकडा उरलेला.

पण तो लगेच निघाला नाही. त्याने कार्ड पुन्हा घातलं, सहावं बटण दाबलं, आकडे एकेक वाचून नंबर दाबला आणि यादीतून पिन बदलणे निवडलं. जुना विचारला, मग नवा, मग नवा पुन्हा. नव्या नंबरात चादरींचा काही संबंध नव्हता. लेकीचा वाढदिवस होता.

बाहेर आला तेव्हा सुटाबुटातला माणूस त्याला ढकलून आत शिरला. धुलाईवाल्याचं लक्षच नव्हतं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती साडूची नव्हती. ती अशी होती की ती चौकट आज उगवलेली नव्हती. एटीएमवर वर्षाची पाटी होती, ते बसवलं तेव्हापासून ती भाषा तिथे असणार. बायकोला सहाही चौकटी सारख्याच परक्या, तिला वाचता येत नव्हतं. त्याला येत होतं. दोन वर्षं ती "या की आत" म्हणत होती. एक दिवस तो आत गेला असता, तर तिला बटणं पाठ करत बसावं लागलं नसतं, आणि लॉन्ड्रीतल्या निम्म्यांना शिकवता आलं असतं. पण साहेबांना वास यायचा. तो नाकाला रुमाल लावून फुटपाथवर.

त्याला स्वतःचीच किळस आली. तोंडात पुदिन्याची चव होती. तो गटाराशी वाकला आणि थुंकला. मग आपणही थुंकलो, हे लक्षात येऊन आणखी वैतागला.

पावणेबाराला त्याने तिकीट हातात घेतलं.

दोन वाजता लॉन्ड्रीच्या मागच्या अंगणात साडूची गाडी लागली. मावशी गाठोडी उतरवून घ्यायला उभी होती. साडू खाली उतरला, पांढरा शर्ट, अत्तर.

"काय दादा, जमलं की नाही उद्याचं?"

धुलाईवाल्याने पावती पुढे केली. "वाच."

"काय आहे?"

"तुला इथली भाषा फाडफाड येते ना. ही छपाई हिंदीत आहे, तरी तुला जमेल. खालून दुसरी ओळ वाच."

साडूने पावती पाहिली. च्युइंगम चघळणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, जरा हळू.

"कधीतरी सूट देतात," तो म्हणाला.

मावशीने गाठोडं खाली टाकलं. "काय रे, काय आहे त्यात?"

"शून्य आहे, मावशी," धुलाईवाला म्हणाला. "परभाषेचे पन्नास नाहीत. कधीच नव्हते. आणि आपली अक्षरं आहेत एटीएममध्ये. सहाव्या बटणावर. कोणीतरी त्यावर च्युइंगम लावून ठेवलं होतं."

मावशी साडूच्या तोंडाकडे पाहायला लागली. तोंड चालूच होतं.

"माझ्याकडे काय बघता? गावात मीच एकटा च्युइंगम खातो?" साडूचा आवाज चढला. "आणि घेतले तर घेतले! मेहनताना म्हणा. त्या उकिरड्यात कोण जात होतं? तुम्ही नाक धरून बाहेर, दादा. तुम्हाला वास येतो. ती मुतारी मी हुंगायची, रांगेत मी उभं राहायचं. पन्नासासाठी आता नातं तोडणार?"

हे लागलं. कारण त्यातलं अर्धं खरं होतं. धुलाईवाल्याने पावती परत घेऊन तिची घडी घातली. साडूला वाटलं, जमलं. म्हणून तो एक वाक्य जास्त बोलला.

"आणि ताई काय फुकट करायच्या? त्याही घ्यायच्या. तुम्हाला सांगत नसतील."

मावशी पुढे सरकली.

"ए गाडीवाल्या," मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन वर्षं मी तिच्या मागे पहिली उभी असायचे. माझी पावती तिने कधी स्वतःच्या मुठीत ठेवली नाही. एकदा मी चहाला म्हणून दोन पुढे केले तर म्हणाली, मावशी, बटण दाबायचे पैसे घेतले तर उद्या दार उघडायचेही घेईन. मेलेल्या माणसाच्या तोंडात तू आपलं उष्टं घालतोस? जीभ झडेल तुझी."

साडू खाली पाहायला लागला. मग त्याने मागच्या खिशातून पाकीट काढलं. एकदम नरमला होता. "घ्या, दादा. तुमचे चारशे. विषय संपवा. धाकटीला सांगू नका."

त्याने नोटा पुढे धरल्या. अत्तराचा वास त्यांनाही लागला होता.

धुलाईवाल्याने हात पुढे केला नाही. भिंतीला लाल पिशव्यांचा गठ्ठा लटकत होता. संसर्गाच्या आजाऱ्यांच्या चादरी त्या पिशव्यांत यायच्या. नियम असा की त्यातल्या वस्तूला हात लावायचा नाही, पिशवीसकट मशीनमध्ये टाकायची, गरम पाण्यात पिशवी आपोआप विरघळते. त्याने एक लाल पिशवी ओढून काढली, तोंड उघडलं आणि साडूसमोर धरली.

"यात टाक."

"दादा, हे काय..."

"हातात नाही घेणार. यात टाक. आणि माझे एकट्याचे नाही. अकरा जणांचे."

"एवढे आत्ता कुठून आणू?"

"मग आहेत तेवढे टाक. बाकीचे पुढच्या शनिवारी. पिशवी इथेच लटकलेली असेल."

साडूने इकडेतिकडे पाहिलं. आतून दोघं-तिघं दाराशी येऊन उभे राहिले होते. त्याने पाकीट रिकामं केलं. नोटा पिशवीत पडल्या. मावशी कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"गम पण टाक," ती म्हणाली.

तो तोंड वळवून गाडीत जाऊन बसला आणि काच वर केली.

धुलाईवाल्याने पिशवीला गाठ मारली आणि मुकादमाच्या कपाटात, सगळ्यांच्या देखत, ठेवून दिली. मग नळाखाली हात धुतले. सोड्याने धुतले, साबणाने धुतले. नखातला पुदिना काही जाईना.

चार वाजता पाळी सुटली. मावशीने पदराला हात पुसले आणि कनवटीचं कार्ड बाहेर काढलं.

"तू परवा गावी चाललास," ती म्हणाली. "मग मला कोण दाखवणार? मला वाचता येतं थोडंफार. जोडाक्षराला अडते."

"आता जाऊ."

तो कपडे बदलायच्या खोलीत गेला, बादलीत ऊन पाणी घेतलं, त्यात सोडा टाकला आणि एक जुनी चिंधी उचलली. दोघं कोपऱ्यावर आले. सकाळची थुंकी दारात तशीच होती, आता वाळलेली. माश्या वाढल्या होत्या. मावशीने आत पाय टाकला आणि पदर तोंडाला लावला.

"अगं आई गं. इथे माणसं येतात की डुकरं?"

"माणसं," तो म्हणाला. "डुकरांना कार्ड मिळत नाही."

त्याने चिंधी पिळली आणि सहाही बटणं पुसली, मग आकडे, मग पडदा. पाणी काळं झालं. मावशीने कार्ड घातलं. सहा चौकटी उजळल्या.

"ही?" तिने डावीकडच्या खालच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"वाचा की."

"हि... हिन्... हिंदी." तिने बटण दाबलं आणि पुढचा पडदा आल्यावर मागे वळून पाहिलं. धुलाईवाला तिच्या खांद्यामागे, त्या खोलीत, आतच उभा होता. रुमाल खिशात होता.

"तू बाहेर थांबलास तरी चालेल हो. तुला वास येतो ना?"

"येतो," तो म्हणाला. "पुढची ओळ वाचा."